प्रीऑर्डर खरा की खोटा? एक स्टॅक आणि एक हद्द

हा भाग बसमध्ये, लोकलमध्ये किंवा भांडी घासताना ऐकत असाल तर काळजी नको, आज आकडे थोडेच आहेत, आठच. तेच आठ आकडे आपण पुन्हा पुन्हा फिरवणार आहोत. वाचणाऱ्यांसाठी कोड खाली दिलाय. ऐकणाऱ्यांनी कागद-पेन घेतलं तर उत्तम, नाहीतर फोनच्या नोट्समध्ये हे आठ आकडे टाइप करून ठेवा: ५०, ३०, २०, ४०, ३५, ७०, ६०, ८०.

प्रश्न असा आहे. कुणीतरी तुम्हाला आकड्यांची एक रांग दिली आणि म्हणालं, हा एका बायनरी सर्च ट्रीचा प्रीऑर्डर आहे. ट्री तुम्हाला दाखवलेला नाही. हातात फक्त रांग. आता सांगा, हा माणूस खरं बोलतोय का? म्हणजे, असा एखादा तरी सर्च ट्री असू शकतो का, ज्याचा प्रीऑर्डर बरोब्बर हाच येईल? लीटकोडवर हा प्रश्न २५५ नंबरचा आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत बरेच जण त्याचं उत्तर पाठ करतात, आणि "हे का चालतं?" असं विचारलं की गप्प होतात. आज आपण त्या "का"वरच बसणार आहोत.

आधी दोन व्याख्या पटकन. सर्च ट्रीत प्रत्येक नोडच्या डावीकडे जे काही आहे ते सगळं त्याच्याहून लहान, उजवीकडचं सगळं मोठं. "सगळं" हा शब्द महत्त्वाचा आहे. फक्त लगेचचं मूल नाही, त्या बाजूचं अख्खं खानदान. आणि प्रीऑर्डर म्हणजे आधी नोड स्वतः, मग त्याचा डावा भाग पूर्ण, मग उजवा भाग पूर्ण. डावं एकदा संपवून उजवीकडे वळलात की परत डावीकडे जाता येत नाही. आजचा सगळा खेळ याच एका वाक्यावर चालणार आहे, त्यामुळे ते डोक्यात ठेवा.

पण ही तपासणी करायची कशाला? समजा तुम्ही एक सर्च ट्री फाइलमध्ये साठवताय. साध्या बायनरी ट्रीला नुसता प्रीऑर्डर पुरत नाही, कुठे मूल नाही याच्या खुणाही लिहाव्या लागतात. सर्च ट्रीला मात्र नुसता प्रीऑर्डर पुरतो, कारण कोण डावं आणि कोण उजवं हे आकडेच सांगतात. म्हणून बरेच जण फक्त रांग लिहून ठेवतात आणि वाचताना ट्री पुन्हा उभा करतात. आता त्या रांगेत काही गडबड झाली, समजा ६०च्या जागी ४५ आला: ५०, ३०, २०, ४०, ३५, ७०, ४५, ८०. ट्री उभा करणाऱ्या कोडने फक्त शेजारचा आकडा पाहिला तर त्याला काहीच खटकणार नाही. ४५ हा ७०पेक्षा लहान आहे, टाक ७०च्या डावीकडे. ट्री तयार, एरर नाही, क्रॅश नाही. मग कुणीतरी ४५ शोधायला येतं. शोध ५०पासून सुरू होतो, ४५ लहान म्हणून डावीकडे ३०वर, मोठा म्हणून उजवीकडे ४०वर, पुन्हा उजवीकडे, तिथे काहीच नाही. उत्तर: "सापडला नाही." आकडा ट्रीमध्ये आहे आणि ट्री म्हणतोय, नाही. हा सगळ्यात वाईट जातीचा बग, कारण तो ओरडत नाही.

मग तपासायचं कसं? बहुतेकांच्या डोक्यात पहिली येते ती रिकर्शनची पद्धत, आणि ती चूक नाहीये. पहिला आकडा रूट. पुढे चालत जा, रूटपेक्षा मोठा पहिला आकडा जिथे दिसेल तिथून उजवा भाग सुरू. त्या पुढे रूटपेक्षा लहान कुणी दिसला तर रांग खोटी. नाहीतर दोन्ही भागांना हाच नियम पुन्हा लावा. उत्तर बरोबर येतं. अडचण वेळेची आहे. रांग चढती किंवा उतरती असेल, म्हणजे ट्री एकाच बाजूला लोंबकळणारी साखळी असेल, तर प्रत्येक पातळीवर उरलेली अख्खी रांग पुन्हा वाचावी लागते. १०,००० आकड्यांच्या उतरत्या रांगेत सुमारे ५ कोटी तुलना होतात. आणि पायथॉन वापरत असाल तर तिथवर पोचणारही नाही, कारण रिकर्शनची नेहमीची मर्यादा १,००० आहे.

आता स्टॅक. रांग डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायची, मागे वळून बघायचं नाही. हातात दोन गोष्टी ठेवायच्या. एक स्टॅक, म्हणजे ताटांची चळत, वरूनच ठेवायचं आणि वरूनच काढायचं. आणि दुसरा एक साधा आकडा, त्याला मी "हद्द" म्हणणार आहे. हद्द म्हणजे इथून पुढे येणारा कुठलाही आकडा याच्याहून मोठाच असला पाहिजे. सुरुवातीला हद्द उणे अनंत, म्हणजे काहीच बंधन नाही.

स्टॅकमध्ये कोण असतं? हे समजलं की कोड आपोआप लिहिता येतो. स्टॅकमध्ये ते नोड असतात ज्यांचा उजवा भाग अजून सुरू झालेला नाही. आपण सध्या त्यांच्या डाव्या भागात आहोत, किंवा नुकतेच त्यांच्यावर उभे आहोत. आत्ताच आलेला सगळ्यात वर, जुने खाली. आणि प्रत्येक वरचा हा खालच्याच्या डाव्या भागात असल्यामुळे त्याच्याहून लहान असतो. म्हणजे तळापासून वरपर्यंत आकडे नेहमी उतरते. इंग्रजीत अशा स्टॅकला मोनोटॉनिक म्हणतात, पण नाव विसरलात तरी चालेल, चित्र विसरू नका.

चला, आपले आठ आकडे घ्या. ५० आला, स्टॅक रिकामा, टाका आत. ३० आला. वर ५० आहे, ३० लहान, म्हणजे आपण ५०च्या डावीकडे उतरलो. टाका आत. २० आला, पुन्हा लहान, टाका आत. आता चळतीत तळाला ५०, मध्ये ३०, वर २०.

आता ४० आला, आणि इथे गोष्ट सुरू होते. ४० हा २०पेक्षा मोठा आहे, म्हणजे २०च्या डाव्या भागात तो नक्की नाही. २० बाहेर काढा, हद्द २० करा. आता वर ३० आहे. ४० त्याच्याहूनही मोठा, म्हणून ३० बाहेर, हद्द ३०. आता वर ५०. ४० त्याच्याहून लहान, थांबा. मग ४० नक्की कुठे बसला? शेवटी बाहेर पडला तो ३०, त्याच्या उजवीकडे. आणि अजूनही ५०च्या डाव्या भागातच. ४० आत टाका, चळत झाली ५०, ४०.

इथे एक क्षण थांबू या. ३०ला आपण बाहेर काढलं याचा अर्थ आपण ३०च्या उजवीकडे गेलो. प्रीऑर्डरचा नियम आठवा, उजवीकडे वळलात की परत डावीकडे नाही. म्हणजे आता पुढे येणारा कुणीही ३०पेक्षा लहान असू शकत नाही. कारण पुढचा एकतर ३०च्या उजव्या भागात असेल, तो ३०हून मोठा. किंवा ३०चं सगळं कुटुंब संपवून आपण ५०च्या उजवीकडे गेलेले असू, तो तर त्याहूनही मोठा. हद्द ३० म्हणजे नेमकं एवढंच.

पुढे ३५. हद्द ३०, ३५ मोठा आहे, परवानगी आहे. वर ४०, ३५ लहान, आत टाका. चळत ५०, ४०, ३५. मग ७० येतो आणि सगळ्यांना झाडून काढतो: ३५ बाहेर, ४० बाहेर, ५० बाहेर. हद्द आता ५०. चळतीत एकटा ७०. मग ६०: हद्दीपेक्षा मोठा, ७०पेक्षा लहान, आत. शेवटी ८०: ६० बाहेर, ७० बाहेर, हद्द ७०, ८० आत. रांग संपली, कुठेही अडलो नाही. म्हणजे रांग खरी.

आता ती बिघडलेली रांग, जिच्यात ६०च्या जागी ४५ होता. ७०पर्यंत सगळं तसंच. चळतीत एकटा ७०, हद्द ५०. ४५ आला. ७०शी तुलना केली तर सगळं छान दिसतं. पण हद्द ५० आहे आणि ४५ तिच्याखाली आहे. रांग खोटी, लगेच थांबा, ८०पर्यंत वाचायचीही गरज नाही. ५०ची डावी बाजू ७० आला तेव्हाच संपली होती, आणि हा ४५ आता येऊन म्हणतोय मला आत घ्या.

कोड एवढाच:

```python
def is_bst_preorder(a):
    floor = float("-inf")
    stack = []
    for x in a:
        if x <= floor:
            return False
        while stack and stack[-1] < x:
            floor = stack.pop()
        if stack and stack[-1] == x:
            return False
        stack.append(x)
    return True
```

ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: `floor` म्हणजे आपली हद्द. प्रत्येक `x`साठी आधी हद्द तपासतो, मग चळतीतले लहान काढत काढत हद्द वर नेतो, मग `x` आत टाकतो. मधली ती `==`ची ओळ कशासाठी आहे ते पुढे सांगतो.

"पण `for`च्या आत `while` आहे, म्हणजे हे एन स्क्वेअर झालं ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही झालं. आतला लूप एखाद्या वेळी लांब चालतो, ७०च्या वेळी तीन वेळा चालला. पण प्रत्येक आकडा चळतीत एकदाच जातो, आणि फार तर एकदाच बाहेर येतो. एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. म्हणून १०,००० आकड्यांना मिळून जास्तीत जास्त २०,००० टाकणं-काढणं. मघाच्या ५ कोटींशी तुलना करून बघा.

जागेचं म्हणाल तर चळतीची उंची ट्रीच्या उंचीपेक्षा जास्त कधीच होत नाही. एक लाख नोडचा नीट समतोल ट्री असेल तर चळतीत १७च्या वर आकडे जमणार नाहीत. उतरती रांग आली तर मात्र सगळेच आत बसून राहतात. काही इंटरव्ह्यूवाले पुढे विचारतात, जादा जागा न वापरता करा. तर दिलेल्या ॲरेचाच सुरुवातीचा भाग चळत म्हणून वापरायचा. चळतीत कधीही वाचून झालेल्या आकड्यांपेक्षा जास्त आकडे नसतात, त्यामुळे न वाचलेल्या आकड्यावर आपण लिहून बसत नाही. पण मूळ रांग त्यात पुसली जाते, हे समोरच्याला सांगा. मला विचाराल तर ही करामत इंटरव्ह्यूपुरती ठीक. प्रत्यक्ष कामात दुसऱ्याचा डेटा तपासायला घेऊन तो बिघडवून परत देणं बरं नाही.

आता खरा प्रश्न. हद्द ओलांडली की रांग खोटी, हे पटलं. पण उलट? हद्द कुणीच ओलांडली नाही, तर रांग नक्की खरी कशावरून? कदाचित एखादी वेगळ्या प्रकारची गडबड आपल्या जाळीतून निसटत असेल?

नाही निसटत, कारण तपासता तपासता आपण ट्री बांधतच चाललो आहोत. ४० आला तेव्हा आपल्याला त्याची जागा कळली होती. नियम असा: नव्या आकड्याने कुणाला बाहेर काढलं, तर तो शेवटी निघालेल्याचं उजवं मूल. कुणालाच काढलं नाही, तर चळतीच्या वरच्याचं डावं मूल. ती जागा दरवेळी रिकामीच असते, कारण शेवटी निघालेला आत्ताच निघालाय आणि वरचा अजून उजवीकडे वळलेलाच नाही. चळतीत उरलेले सगळे नव्या आकड्याहून मोठे आहेत, आणि तो त्या सगळ्यांच्या डावीकडेच बसतो. तो ज्यांच्या उजवीकडे आहे ते सगळे बाहेर पडलेले, म्हणजे हद्दीइतके किंवा हद्दीखालचे, आणि तो हद्दीच्या वर आहे. दोन्ही बाजूंनी नियम पाळला गेला. म्हणजे रांग संपेपर्यंत अडलो नाही तर तो ट्री हातात तयार आहे. त्याहून मोठा पुरावा काय हवा?

आता या गोष्टीचा मला सगळ्यात आवडणारा भाग. मघाची खरी रांग पुन्हा चालवा आणि आकडे कोणत्या क्रमाने बाहेर पडले ते बघा: २०, ३०, ३५, ४०, ५०, ६०, ७०, आणि शेवटी चळत रिकामी केली की ८०. चढत्या क्रमात! हा योगायोग नाही. नोड बाहेर पडतो तो त्याचा डावा भाग संपल्यावर आणि उजवा सुरू होण्याआधी, म्हणजे नेमका इनऑर्डरमध्ये. आणि सर्च ट्रीचा इनऑर्डर चढताच असतो. म्हणजे आपली तपासणी दुसऱ्या शब्दांत अशी: ही रांग एका स्टॅकमधून सॉर्ट होऊन बाहेर पडते का?

हा प्रश्न जुना आहे. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'चा पहिला खंड १९६८ साली आला. त्यात स्टॅक समजावताना रेल्वेच्या सायडिंगचं चित्र आहे. एका बाजूने डबे येतात, आडव्या रुळावर थांबतात, आणि शेवटी आलेला डबा आधी निघतो. अशा एका सायडिंगने कोणते क्रम सरळ लावता येतात? उत्तर असं आहे की रांगेत मध्यम, मोठा, लहान अशा क्रमाने तीन आकडे कुठेही सापडता कामा नयेत. शेजारी-शेजारी असायची गरज नाही, मध्ये कितीही अंतर चालेल. आपल्या बिघडलेल्या रांगेत ते तीन आहेत ५०, ७०, ४५. आधी ५०, मग त्याहून मोठा ७०, मग ५०हूनही लहान ४५. प्रीऑर्डर खोटा ठरतो तो फक्त अशाच तिघांमुळे. तीन आकड्यांचे सहा क्रम लिहून बघा, त्यातला एकच नापास होतो: २, ३, १. आकडे दहा झाले की एकूण क्रम ३६,२८,८००, आणि त्यातले खरे प्रीऑर्डर फक्त १६,७९६. दर हजारी पाचसुद्धा नाहीत.

आता लोक कुठे घसरतात ते. पहिली जागा म्हणजे हद्दीची सुरुवात. कुणी ० ठेवतं, कुणी -१. उदाहरणं धन आकड्यांची असतात तोवर चालतं, आणि उणे आकड्यांची रांग आली की खरी रांगसुद्धा नापास होते. म्हणून उणे अनंत. दुसरी जागा म्हणजे हद्द विसरून फक्त रूटशी तुलना करणं. ५०, ३०, २०, ४०, २५ घ्या. सगळे ५०पेक्षा लहान, रूटला काहीच तक्रार नाही. पण ३०, ४०, २५ हे तिघं तिथेच आहेत. ४०ने ३०ला बाहेर काढलं, हद्द ३० झाली, २५ तिच्याखाली.

तिसरी जागा, सारखे आकडे. वरच्या कोडमध्ये दोन वेळा तोच आकडा आला तर रांग खोटी ठरवतोय. त्यासाठी दोन ठिकाणी पहारा लागतो. जुना आकडा बाहेर पडून गेलेला असेल तर `<=` त्याला पकडतो, आणि तो अजून चळतीत असेल तर `==`ची ओळ पकडते. नेटवर जो कोड फिरतो त्यात बऱ्याचदा फक्त `x < floor` असतं. सगळे आकडे वेगळे आहेत अशी हमी असेल तर ते पुरतं. नसेल तर तो कोड ५, ५ ही रांग पास करतो आणि ५, ७, ५ हीसुद्धा. पहिल्यात दुसरा ५ डावीकडे बसतो, दुसऱ्यात उजव्या भागात. सारखा आकडा कुठल्या बाजूला ठेवायचा हे एकदा ठरवायला हवं, हा कोड दोन्हीकडे चालवून घेतो. तेव्हा इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: आकडे वेगवेगळे आहेत का?

आणि एक मर्यादा, ही नीट ऐका. "खरी" म्हणजे असा एखादा सर्च ट्री असू शकतो, एवढंच. तुमचाच ट्री तो आहे असं नाही. आपल्या रांगेत ३५च्या जागी चुकून ३७ आला तर तपासणी आनंदाने पास होईल, कारण ३७सुद्धा ३० आणि ४०च्या मध्येच बसतो. म्हणून फाइल जशीच्या तशी आली का हे बघायचं असेल तर चेकसम वेगळा ठेवावा लागतो. ही तपासणी फक्त रचना बघते. आणि ट्री समतोल आहे का याबद्दल तर ती अवाक्षर काढत नाही, १ ते १,००,०००ची चढती रांगसुद्धा पास होते.

पोस्टऑर्डर दिला तर? रांग उलटी वाचा. उलटी वाचली की आधी रूट, मग उजवं, मग डावं, म्हणजे आरशातला प्रीऑर्डर. सगळ्या तुलना उलट्या करा, आणि खालच्या हद्दीच्या जागी वरची हद्द येईल, सुरुवात धन अनंतापासून.

जाता जाता दोन रांगा देतो, कागदावर चालवून बघा. पहिली: ८, ३, १, ६, ४, ७, १०, १४, १३. दुसरी: ८, ३, ६, ४, १, ७, १०, १४, १३. एक खरी आहे, एक खोटी. खोटीत कोणत्या आकड्यावर थांबलात, तेव्हा हद्द किती होती आणि ते तिघं कोण, हे खाली कॉमेंटमध्ये लिहा.